काचेखालचा माणूस आणि सरासरीचा आकडा



या व्याख्यानमालेत आजवर धरणं, पूल, भूकंप असे भारदस्त विषय झाले आहेत. मी मात्र आज एका खुर्चीबद्दल बोलणार आहे. ही खुर्ची एका पाच मजली कार्यालयीन इमारतीत, सगळ्यात वरच्या गॅलरीत, मधल्या काचेच्या छपराच्या कडेखाली ठेवलेली आहे. इमारत पुण्यात आहे असं धरू. ती कुठली म्हणून शोधू नका, आजच्या गणितासाठी मी ती कागदावर बांधली आहे. तिची मापं मात्र आपल्याकडच्या कुठल्याही नव्या इमारतीत बसतील अशीच घेतली आहेत : मधोमध १२ मीटर गुणिले १२ मीटरची मोकळी जागा, तिच्यावर आडवं काचेचं छप्पर, चारही बाजूंनी गॅलऱ्या आणि तळाशी, छपरापासून सुमारे २० मीटर खाली, स्वागतकक्ष. वास्तुविशारद याला अट्रियम म्हणतात. आपल्या वाड्यांनाही मधे चौक असायचा, पण त्याच्यावर आकाश होतं, काच नव्हती. रात्री वाड्याचा चौक आपली दिवसभराची उष्णता थेट आकाशाला देऊन मोकळा व्हायचा. काच तसं होऊ देत नाही आणि दुपारी तर ती स्वतःच एक तापलेलं छप्पर होऊन बसते.

तर या खुर्चीत बसणाऱ्याला बरं वाटेल की नाही, हे इमारत बांधण्याआधी कसं सांगायचं?

त्यासाठी सगळ्या जगात वापरलं जाणारं साधन म्हणजे पीएमव्ही, प्रेडिक्टेड मीन व्होट. डेन्मार्कच्या ओले फँगर यांनी ते १९७० साली ‘थर्मल कम्फर्ट’ या पुस्तकातून मांडलं. अमेरिकेतल्या कॅन्सस स्टेट विद्यापीठात आणि डेन्मार्कमध्ये नियंत्रित खोल्यांमध्ये माणसांना बसवून घेतलेले प्रयोग हा त्याचा पाया. पुढे आयएसओ ७७३० या मानकात ते आलं आणि वातानुकूलनाच्या प्रत्येक मोठ्या निविदेत जाऊन बसलं.

कल्पना सरळ आहे. शरीर जेवढी उष्णता निर्माण करतं तेवढीच बाहेर टाकता आली, तर माणूस ‘ना गरम ना गार’ असं मत देतो. टाकता आली नाही तर मत अधिकाच्या बाजूला सरकतं : किंचित उबदार अधिक १, उबदार अधिक २, गरम अधिक ३. उलट बाजूला तसंच उणे ३ पर्यंत. हिशेबात सहा गोष्टी लागतात. हवेचं तापमान, भोवतालच्या पृष्ठभागांचं सरासरी प्रारण तापमान, हवेचा वेग आणि आर्द्रता या चार खोलीच्या, तर अंगावरचे कपडे आणि शरीराची हालचाल या दोन माणसाच्या. उत्तर येतं एक आकडा. त्याच्याशी जोडलेला दुसरा आकडा पीपीडी, म्हणजे किती टक्के लोक नाराज असतील. पीएमव्ही शून्य असला तरी पीपीडी ५ टक्क्यांच्या खाली जात नाही. फँगर यांनी माणूस नावाच्या प्राण्याला नीट ओळखलं होतं याची ही खूणच म्हणायची. नेहमीच्या कार्यालयासाठी पीएमव्ही उणे ०.५ ते अधिक ०.५ या पट्ट्यात ठेवायचा, म्हणजे नाराज १० टक्क्यांच्या आत राहतात.

या सहापैकी ज्या एका गोष्टीवर आजचा सगळा विषय उभा आहे, ती सरासरी प्रारण तापमान. आपल्या भोवतीची प्रत्येक भिंत, फरशी, छप्पर आपल्याशी अदृश्य प्रारणाची देवाणघेवाण करत असतं. भिंत थंड तर शरीर तिला जास्त देतं, गरम तर तिच्याकडून घेतं. या सगळ्या पृष्ठभागांच्या जागी एकाच समान तापमानाची काल्पनिक खोली कल्पिली आणि तीतही शरीराची देवाणघेवाण तेवढीच राहिली, तर त्या खोलीचं तापमान म्हणजे सरासरी प्रारण तापमान. व्याख्येतच सरासरी आहे. डोक्यावर ४८ अंशांची काच आणि पायाखाली २७ अंशांची फरशी, ही माहिती पीएमव्हीच्या समीकरणात शिरायच्या आधीच एकजीव होऊन जाते. समीकरणाला कुठली बाजू तापली हे कळतच नाही, कारण त्याला ते कोणी सांगितलेलंच नसतं.

पत्र्याच्या घरात ज्यांनी मे महिन्याची दुपार काढली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. पंखा चालू असतो, हवा फार तापलेली नसते, तरी टाळू तापत राहते.

आता खुर्चीकडे येऊ. वेळ मेच्या मध्यातली, दुपारी अडीचची. पुण्यात साधारण १३ मेच्या सुमारास शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य मध्यान्ही बरोबर डोक्यावर. अडीचला तो पश्चिमेकडे कललेला असला तरी क्षितिजापासून सुमारे ६० अंश वर असतो. आडव्या काचेला यापेक्षा वाईट महिना नाही. काचेच्या छपराची ही पद्धत ज्या युरोपातून आली, तिथे सूर्य कधीच असा माथ्यावर येत नाही. तरी तिथेही ती सुखाची होती असं नाही. केंब्रिजमधली जेम्स स्टर्लिंग यांची इतिहास विभागाची १९६८ची इमारत, तिच्या वाचनालयावरच्या उतरत्या काचेमुळे, उन्हाळ्यात तापण्यासाठी आणि हिवाळ्यात गारठण्यासाठी आजही वास्तुशास्त्राच्या वर्गांत आठवली जाते.

आपल्या छपराला गडद, ऊन शोषणारी काच आहे. बाहेर हवा ३८ अंश आणि ऊन कडक. काच जे ऊन शोषते ते तिला आतबाहेर टाकावं लागतं, त्यामुळे तिची आतली बाजू ४८ अंशांवर जाते असं धरू. हा आकडा मुळीच अतिशयोक्त नाही. बाकी भिंती आणि फरशी २७ अंश. खुर्ची पूर्वेकडच्या गॅलरीत, काचेच्या कडेखाली, बसलेल्या माणसाच्या पोटाच्या उंचीपासून काच ४ मीटर वर. त्या जागी वर तोंड करून ठेवलेल्या लहान सपाट पृष्ठभागाला दिसणाऱ्या अर्धगोलापैकी काच किती? भूमितीचं सूत्र लावलं तर सुमारे ४१ टक्के. म्हणजे वरच्या बाजूचं प्रारण तापमान २७ अधिक २१ अंशांचे ४१ टक्के, साडेपस्तीस अंश. खालच्या बाजूचं २७. फरक साधारण साडेआठ अंश. यालाच प्रारणाची असमता म्हणतात.

आता याच माणसासाठी पीएमव्ही काढू. सहा दिशांची प्रारण तापमानं बसलेल्या शरीराच्या प्रमाणात जुळवली, की सरासरी प्रारण तापमान सुमारे साडेअठ्ठावीस येतं. वर साडेपस्तीस असूनही सरासरी एवढी कमी का? बसलेल्या माणसाचं फारच थोडं अंग वर बघतं. बहुतेक अंग समोर, मागे आणि बाजूंना बघतं. हवा २५ अंश, जेमतेम हलणारी, आर्द्रता ५० टक्के, उन्हाळी कपडे, बैठं कार्यालयीन काम. पीएमव्ही येतो सुमारे अधिक ०.६, नाराज १२-१३ टक्के. मर्यादा किंचित ओलांडली गेली.

इथे सल्लागार काय करतो ते मी अनेकदा पाहिलं आहे. तो गॅलरीसाठी हवा २२.५ अंशांवर नेतो. गणित पुन्हा चालवतो. पीएमव्ही अधिक ०.२, नाराज ६ टक्के. अहवालात हिरवी खूण पडते आणि बैठक चहाला उठते.

पण डोक्यावरची काच होती तिथेच आहे, ४८ अंशांवर. असमता साडेआठ अंशांची साडेआठच राहिली. उलट हवेबरोबर फरशी आणि भिंतीही थोड्या गार झाल्या तर ती वाढेलच. आयएसओ ७७३० मध्ये या असमतेच्या वेगळ्या मर्यादा दिल्या आहेत आणि त्या दिशेनुसार विलक्षण वेगवेगळ्या आहेत. चांगल्या प्रतीच्या जागेसाठी गरम भिंत २३ अंशांपर्यंत चालते, थंड छत १४ पर्यंत, थंड भिंत १० पर्यंत. गरम छत मात्र फक्त ५ अंश. हलक्या प्रतीच्या जागेलाही ७ च्या वर मुभा नाही. आपले साडेआठ दोन्हींच्या बाहेर आहेत. त्याच मानकातला आलेख पाहिला तर केवळ डोक्यावरच्या या उष्णतेमुळे सुमारे १५ टक्के लोक नाराज होतील. पीपीडीचे ६ आणि हे १५ यांची बेरीज मात्र करू नका. ती दोन निराळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत, आणि त्यातल्या कित्येक तक्रारी एकाच माणसाच्या असू शकतात.

गार हवेनं हिशेब का जुळत नाही याचं उत्तर या मर्यादा जिथून आल्या त्या प्रयोगांतच आहे. फँगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या या प्रयोगांत माणसांना गरम छताखाली आणि गरम-थंड भिंतींजवळ बसवलं होतं, पण हवेचं तापमान असं राखलं होतं की एकूण शरीराला ना गरम ना गार वाटावं. म्हणजे त्या प्रयोगात भरपाई आधीच केलेली होती. भरपाई केल्यावरही लोकांनी ज्या तक्रारी केल्या, त्यांच्यावरून ही ५ अंशांची रेघ ओढली गेली. आपला सल्लागार हवा गार करून जिथे पोहोचतो, तिथूनच हा आलेख सुरू होतो. त्यामुळे पीएमव्ही मर्यादेत बसणं ही असमता तपासण्याची पूर्वअट आहे, तिच्यातून सुटका नाही.

आणि ही भरपाई फुकट नाही. २२.५ अंशांची हवा गॅलरीत थांबत नाही. ती जड असते, चौकातून खाली उतरते आणि स्वागतकक्षात साठते. तिथे काच २० मीटर उंचावर आहे. वर बघणाऱ्या पृष्ठभागाला ती जेमतेम १० टक्के दिसते आणि असमता दोन अंशांच्या आसपास, म्हणजे काहीच नाही. तिथली हवा साडेएकवीसवर आली आणि भोवतालचे पृष्ठभाग २४ अंश असले, तर स्वागतकक्षातल्या बाईंचा पीएमव्ही उणे ०.५ च्या आसपास जातो. एकाच छपराखाली वरचा माणूस टाळू चोळतो आणि खालच्या बाई शाल मागवतात. तक्रारवहीत दोन्ही नोंदी एकाच दुपारच्या दिसल्या, तर यंत्रात बिघाड शोधू नका, वर काचेकडे पाहा.

आतापर्यंत मी उन्हाचा कवडसा बाजूला ठेवला होता. वरचं सगळं गणित काचेनं स्वतः तापून सोडलेल्या उष्णतेचं होतं. पण काच ऊन आरपारही सोडते. अडीचच्या तिरप्या उन्हाचा पट्टा नेमका पूर्व गॅलरीत येतो, आपल्या खुर्चीवर.

हा भाग कसा मोजायचा यावर बराच काळ मौनच होतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या गटानं त्यासाठी एक पद्धत मांडली आणि २०१७ पासून ती अमेरिकेच्या अ‍ॅशरे ५५ या मानकात आहे. तिची युक्ती अशी की अंगावर पडलेल्या उन्हाचं रूपांतर सरासरी प्रारण तापमानात पडलेल्या भरीत करायचं. आपल्या खुर्चीसाठी ते करून पाहू. बाहेरचं थेट ऊन ८०० वॉट प्रति चौरस मीटर, काच त्यातलं ३५ टक्के आत सोडते, माणसाचं निम्मं अंग उन्हात. बसलेल्या शरीराचा उन्हाच्या दिशेनं दिसणारा भाग या कोनात सुमारे पाव. कपडे आणि त्वचा ऊन सुमारे दोन तृतीयांश शोषतात. आकाशाचा विखुरलेला उजेड आणि फरशीवरून परतणारं ऊनही थोडं मिळवलं. सरासरी प्रारण तापमानात भर पडते साडेसहा अंशांची. साडेअठ्ठावीसचे ३५ होतात. पूर्ण अंग उन्हात असेल तर भर ११ अंशांच्या जवळ जाते.

हवा तीच गार, २२.५. पीएमव्ही आता अधिक १.१, नाराज ३० टक्के. मघाशी हिरवी खूण पडलेली तीच खुर्ची, तेच यंत्र, तोच क्षण. फक्त कवडसा हिशेबात घेतला.

इथे दोन इशारे द्यायला हवेत. पहिला, मानकानं पीएमव्हीसाठी सरासरी प्रारण तापमान १० ते ४० अंश आणि हवा १० ते ३० अंश एवढाच प्रांत दिला आहे. साधी पारदर्शक काच आणि पूर्ण अंग उन्हात, असं गणित केलं तर आपण ४० च्या पार जाऊ शकतो. संगणक तेव्हाही दशांशासह आकडा देतो. तो आकडा अहवालात लिहू नये, ‘ही जागा बसण्यायोग्य नाही’ असं लिहावं. दुसरा, उन्हाची ही भर कुठल्या बाजूनं येते हे पीएमव्ही विचारत नाही, आणि असमतेच्या मर्यादाही तापवलेल्या पृष्ठभागांवरून काढल्या आहेत, उन्हाच्या पट्ट्यावरून नव्हेत. एका गालावर ऊन असलेल्या माणसासाठी आपल्याकडे चांगलं समीकरण नाही. त्याच्यासाठी खुर्ची हलवता येईल अशी ठेवणं, हेच मला आजवर सापडलेलं सगळ्यात भरवशाचं उत्तर.

बांधून झालेल्या इमारतीत हेच मोजायचं असेल तर काय घोळ होतात तेही सांगतो. पहिलं हत्यार म्हणजे काळा गोल, १५० मिलिमीटर व्यासाचा, आत तापमापक. तो प्रारण आणि हवा यांच्यामध्ये कुठेतरी स्थिरावतो आणि त्यावरून सरासरी प्रारण तापमान काढतात. तो स्थिर व्हायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात ढग येतो, नाहीतर कवडसा सरकतो. दहा टेबलांवर प्रत्येकी दोन मिनिटं फिरवलेला गोल आधीच्या टेबलाची आठवण सांगत असतो. दुसरं, काळा रंग उन्हाचे ९५ टक्के शोषतो आणि माणूस दोन तृतीयांश, म्हणून उन्हात ठेवलेला काळा गोल उन्हाचा वाटा सुमारे ४० टक्क्यांनी फुगवतो. उन्हाच्या जागी लहान, करडा गोल घ्यावा, नाहीतर गोल सावलीत धरून ऊन वेगळं मोजावं. आणि गोल कितीही चांगला असला तरी तोही सरासरीच सांगतो. तो गोल आहे, त्याला वरखाली कळत नाही. असमतेसाठी दोन्ही बाजूंनी बघणारा सपाट संवेदक लागतो, बसलेल्यांसाठी जमिनीपासून ०.६ मीटरवर आडवा धरलेला.

सगळ्यात जास्त फसवतो तो हातातला बंदुकीसारखा इन्फ्रारेड तापमापक. साध्या काचेवर तो बऱ्यापैकी बरोबर चालतो. पण काचेच्या आतल्या बाजूला कमी उत्सर्जनाचा लेप असेल तर ती काच आरशासारखी वागते आणि तापमापक काचेऐवजी खालच्या फरशीचं तापमान दाखवतो. ‘काच तर फक्त २९ अंश आहे’ असं कुणी सांगितलं, तर आधी लेपाबद्दल विचारा. काचेवर चिकटपट्टीचा तुकडा लावून त्याचं तापमान वाचलं की खरं काय ते कळतं.

आता उपाय. पंखा लावला तर पीएमव्ही उतरतो आणि अंगाला बरंही वाटतं, त्याला मी कमी लेखत नाही. पण साडेआठ अंश तसेच राहतात. असमता कमी करायची तर काचच गार करावी लागते, आणि काच गार होते ती बाहेरून सावली केली तर. आत लावलेला पडदा ऊन आत आल्यावर ते अडवतो आणि मग स्वतःच तापलेलं छत बनतो. बाहेर, काचेच्या वर, झडपा बसवल्या आणि काच ३६ अंशांवर आली असं धरा. असमता ४१ टक्के गुणिले ९, म्हणजे ३.७ अंश, मर्यादेच्या आत. सरासरी प्रारण तापमान पावणेअठ्ठावीस, कवडसा नाही, आणि हवा साडेचोवीस ठेवूनही पीएमव्ही पट्ट्यात राहतो. हवा दोन अंश गार करायची गरजच उरत नाही, त्यामुळे खालच्या बाईंचीही शाल सुटते.

झडपा कुठल्या दिशेला तिरप्या कराव्यात, हा शेवटचा प्रश्न इथे अनेक चांगल्या कार्यालयांत चुकतो. परदेशी पुस्तकातला नियम असा की दक्षिणेकडचं ऊन अडवा आणि उत्तरेचा उजेड घ्या. पुण्याचा अक्षांश साडेअठरा. १३ मेच्या सुमारास सूर्य डोक्यावरून उत्तरेकडे सरकतो आणि जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीही उत्तरेलाच असतो. २१ जूनला तो मध्यान्ही डोक्यापासून सुमारे ५ अंश उत्तरेला असतो आणि सकाळ-संध्याकाळी तर पुरता उत्तरेकडे. मेच्या उत्तरार्धात, पाऊस येण्यापूर्वीच्या सगळ्यात कडक उन्हात, उत्तरेकडे उघड्या ठेवलेल्या झडपा ऊन सरळ आत घेतात. डिसेंबरमध्ये मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेला ४८ अंशांवर असतो आणि कवडसा उत्तरेच्या गॅलरीत शिरतो. म्हणून आपल्या कागदी इमारतीत खुर्चीचं गणित एकदा करून भागणार नाही. पूर्वेच्या गॅलरीसाठी मे, उत्तरेच्या गॅलरीसाठी डिसेंबर आणि स्वागतकक्षासाठी दोन्ही महिने, अशी चार पानं निविदेला जोडावी लागतील. प्रत्येक पानावर पीएमव्ही, असमता आणि उन्हाची भर हे तीन आकडे वेगवेगळ्या रकान्यांत हवेत.